अशिलाच्या वतीने भरलेले सरकारी शुल्क आमच्या उत्पन्नात धरू नका: हिशेबाची सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बिलिंग आणि हिशेबाची सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या सर्व कंपन्या

सप्रेम नमस्कार.

ट्रेडमार्क, कंपनी नोंदणी आणि परवाने यांची कामे करणारा मी एक सल्लागार आहे. या कामात अर्जासोबत सरकारी कार्यालयाचे शुल्क भरावे लागते. अर्ज आम्हीच दाखल करत असल्याने ते शुल्क बहुतेक वेळा आमच्याच बँक खात्यातून जाते आणि नंतर आम्ही ते अशिलाच्या बिलात लावून वसूल करतो. वकील, लेखापाल, वास्तुविशारद, सीमाशुल्क दलाल अशा अनेकांच्या कामाची रीत हीच आहे. हे शुल्क अशिलावर बसलेले असते, ते सरकारला जाते आणि आमच्या हातातून फक्त पुढे सरकते. तरीही आपल्या बहुतेक प्रोग्राममध्ये बिलात ओळ घातली की तिची रक्कम आपोआप उत्पन्नाच्या खात्यात जमा होते. ही एक गोष्ट बदलावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. काय बदलावे आणि कसे, हे नेमकेपणाने सांगता यावे म्हणून एक साधे प्रकरण शेवटपर्यंत नेतो.

समजा, एका अशिलासाठी दोन वर्गांत ट्रेडमार्कचा अर्ज करायचा आहे. प्रत्येक वर्गाचे सरकारी शुल्क ९,००० म्हणजे एकूण १८,००० आहे आणि आमचा मेहनताना ६,००० ठरला आहे. आमच्या सेवेवरचा कर सोयीसाठी १० टक्के धरू. शुल्क भरले त्या दिवशी वहीत एकच नोंद हवी: ‘अशिलांच्या वतीने भरलेले शुल्क’ हे खाते १८,००० ने नावे आणि बँक तेवढ्याच रकमेने जमा. हे खाते खर्चाचे नाही. ते येण्याचे, म्हणजे ताळेबंदातले खाते आहे, कारण त्या दिवशी आमचे काहीही खर्च झालेले नसून अशिलाकडून १८,००० येणे निर्माण झाले आहे. पुढे बिल निघते तेव्हा अशिलाचे खाते २४,६०० ने नावे पडते आणि जमेच्या बाजूला तीन ओळी येतात: मेहनताना ६,०००, त्यावरचा देय कर ६०० आणि ‘अशिलांच्या वतीने भरलेले शुल्क’ १८,०००. तिसऱ्या ओळीने ते खाते पुन्हा शून्यावर येते. नफातोटा पत्रकात त्या १८,००० ची कोठेही नोंद राहत नाही, आणि तसेच व्हायला हवे.

आता हेच प्रकरण आपल्या प्रोग्रामच्या नेहमीच्या मांडणीत घालून पाहू. शुल्क भरताना वापरणाऱ्यासमोर खर्चाच्या खात्यांची यादी येते, म्हणून तो ‘नोंदणी शुल्क’ असे काहीतरी निवडतो आणि १८,००० खर्ची पडतात. बिल करताना ‘सरकारी शुल्क’ नावाची बाब निवडली की ती विक्रीच्या खात्याला जोडलेली असते, म्हणून १८,००० उत्पन्नात जातात. त्या बाबीला कराचा दर आधीच चिकटलेला असल्यामुळे त्यांवरही कर लागतो. बिल २६,४०० चे होते. अशील १,८०० जास्त देतो, आणि कशाबद्दल देतो, तर सरकारला भरलेल्या शुल्कावर आम्ही लावलेल्या कराबद्दल. त्या अशिलाला या कराची वजावट मिळत नसेल, तर ही रक्कम त्याच्या खिशातून कायमची गेली.

यावर मिळणारे ठरावीक उत्तर मला ठाऊक आहे: कराचा दर काढून टाका म्हणजे झाले, उत्पन्न १८,००० ने वाढले तसा खर्चही १८,००० ने वाढला, नफा ६,००० चा ६,००० च राहिला, मग बिघडले काय? बिघडते ते असे. उलाढाल ६,००० ऐवजी २४,००० दिसते. करनोंदणीची सक्ती, सक्तीचे लेखापरीक्षण, छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सवलती हे सगळे अनेक देशांत वार्षिक उलाढालीच्या मर्यादेवर ठरते. ज्याच्या कामात सरकारी शुल्काचा वाटा मोठा आणि मेहनतान्याचा छोटा आहे, तो माणूस केवळ दुसऱ्याचे पैसे पुढे सरकवल्यामुळे या मर्यादा ओलांडल्यासारखा दिसतो. शिवाय तो स्वतःचा धंदाही नीट वाचू शकत नाही. एखाद्या महिन्यात जास्त वर्गांचे अर्ज आले की उत्पन्न फुगलेले दिसते आणि मेहनतान्यात मात्र काडीचाही फरक पडलेला नसतो.

नफा तोच राहतो हे म्हणणेही दरवेळी खरे नसते. शुल्क आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात भरले आणि बिल कार्यालयाची पोचपावती आल्यावर, म्हणजे नव्या वर्षात काढले, तर काय होते ते पाहा. जुन्या वर्षात १८,००० खर्च पडतो आणि त्याच्या समोर काही नसते. नव्या वर्षात २४,००० उत्पन्न येते आणि त्याच्या समोर खर्च नसतो. एका वर्षाचा नफा १८,००० ने कमी आणि पुढच्याचा तेवढ्यानेच जास्त दिसतो. दोन्ही आकडे चुकीचे असतात आणि कर मात्र त्याच आकड्यांवर भरला जातो. वर्षअखेरीस हिशेबनीस हे ओळखून दुरुस्तीच्या नोंदी घालतात, पण ते कागदपत्रे हाताने चाळून. मूळ नोंद ताळेबंदातल्या खात्यात झाली असती, तर वर्ष बदलताना काहीच करावे लागले नसते. ते १८,००० येणे म्हणून पुढच्या वर्षात गेले असते.

ही मागणी माझ्या सोयीसाठी नाही. आयएफआरएस १५ हे महसुलाचे आंतरराष्ट्रीय हिशेबमानक मे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू झाले. त्याच्या ४७ व्या परिच्छेदानुसार व्यवहाराची किंमत ठरवताना त्रयस्थाच्या वतीने गोळा केलेल्या रकमा वगळायच्या असतात. करकायद्यांतही हेच तत्त्व आढळते. भारतातील केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ मधील ३३ व्या नियमाखाली दिलेले उदाहरण तर थेट आमच्याच कामाचे आहे. कंपनी स्थापन करून देणारी संस्था आपल्या सेवाशुल्काखेरीज निबंधकाकडे भरलेले नोंदणी शुल्क आणि नावमंजुरीचे शुल्क अशिलाकडून वसूल करते. ही शुल्के मुळात अशिलावर बसलेली असल्यामुळे ती त्या संस्थेच्या सेवेच्या मूल्यात धरली जात नाहीत. युरोपीय संघाच्या २००६ च्या मूल्यवर्धित कर निर्देशाने एक पाऊल पुढे टाकले आहे. अशिलाच्या नावाने व त्याच्या वतीने केलेल्या खर्चाची परतफेड करपात्र मूल्यातून वगळण्यासाठी ७९ व्या कलमात अट आहे की ती रक्कम वहीत उचंत खात्यात नोंदलेली असली पाहिजे, आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला त्याचा पुरावाही देता आला पाहिजे. म्हणजे जे खाते आपला प्रोग्राम सुचवतसुद्धा नाही, ते खाते कायदा नाव घेऊन मागतो.

आता या मागणीची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण ती न पाळल्यास दुसऱ्या टोकाची चूक होईल. अशिलाकडून वसूल होणारी प्रत्येक रक्कम अशी वगळता येत नाही. अशिलाच्या कामासाठी मी प्रवास केला, मुक्काम केला आणि ते पैसे बिलात लावले, तर तो माझी सेवा देण्यासाठी झालेला माझाच खर्च आहे. गाडीत मी बसलो होतो आणि तिकीट माझ्यासाठी काढले होते. ही वसुली साधारणपणे माझ्या सेवेच्या मोबदल्याचाच भाग ठरते, तिच्यावर करही लागतो आणि ती उत्पन्नात दाखवावी लागते. सरकारी शुल्काचे तसे नाही. ते कायद्याने अशिलावर बसते, पावतीवर त्याचे किंवा त्याच्या अर्जाचे नाव असते आणि त्या बदल्यात मिळणारी नोंदणी त्याच्या मालकीची असते. मी अर्ज दाखल केला नसता आणि अशिलाने स्वतः केला असता, तरी तेच शुल्क त्याला भरावे लागले असते. शंका आली की मी हीच कसोटी लावतो आणि बहुतेक प्रकरणे तिथेच मिटतात.

काही मिटत नाहीत. २०१७ मध्ये ब्रिटनच्या कर न्यायाधिकरणापुढे ब्रॅबनर्स या वकिली संस्थेचे प्रकरण आले होते. मालमत्तेच्या व्यवहारात अशिलासाठी मागवलेल्या शोध अहवालांचे शुल्क संस्था कर न लावता जसेच्या तसे वसूल करत होती. न्यायाधिकरणाने ते मानले नाही, कारण ते अहवाल नुसते अशिलाकडे पोचवले जात नव्हते. संस्था ते वाचून त्यांच्या आधारे सल्ला देत होती, म्हणजे ते तिच्याच सेवेचा कच्चा माल झाले होते. आमच्याकडेही अर्ज करण्यापूर्वी सारख्या दिसणाऱ्या चिन्हांचा सशुल्क शोध घेतला जातो. तो अहवाल वाचून मी मत देणार असेन, तर त्याचे शुल्क वगळताना मी दहादा विचार करतो. अर्जाचे शुल्क मात्र निःशंकपणे वगळतो, कारण त्यातून मला वापरायला काहीच मिळत नाही.

आपल्या प्रोग्राममधला मूळ दोष मला याच ठिकाणी दिसतो. ‘अशिलाकडून वसूल करण्याजोगा खर्च’ अशी एकच खूण आपण देता, आणि प्रवासाचे तिकीट व अर्जाचे शुल्क दोन्ही तिच्याखाली जातात. त्या खुणेमागचे खाते एक तर खर्च आणि उत्पन्न या जोडीचे असते किंवा, फार तर, एका लपलेल्या सेटिंगने बदलता येते. ते बदलले तर प्रवासाचे पैसेही उत्पन्नातून गायब होतात. एक दुरुस्त करताना दुसरे बिघडते. म्हणून पहिली मागणी अशी की या दोन वेगळ्या बाबी आहेत हे प्रोग्रामने ओळखावे. शुल्क भरण्याची नोंद करतानाच ‘माझा खर्च, जो मी अशिलाकडून वसूल करणार आहे’ आणि ‘अशिलाचा खर्च, जो मी त्याच्या वतीने भरला आहे’ यांतले एक निवडायला लावावे. बिल काढताना निवड करून उपयोग नाही, कारण तोपर्यंत रक्कम खर्चात जाऊन बसलेली असते.

दुसऱ्या प्रकारच्या ओळीत रक्कम बदलता येऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अनेक प्रोग्राममध्ये वसूल करायच्या खर्चाशेजारी नफ्याची टक्केवारी भरण्याचा चौकोन असतो. १८,००० भरून २०,००० लावले, तर वरचे २,००० हे माझे उत्पन्न आहे, मग त्याला ‘हाताळणी’ म्हणा वा आणखी काही. एवढ्यावर भागत नाही. भरली तेवढीच रक्कम घेतली पाहिजे ही भारतीय नियमातली एक मूळ अट आहे. ती मोडली की अख्खे २०,००० करपात्र मूल्यात ओढले जाण्याची भीती असते. ज्याला वरचे पैसे घ्यायचे आहेत, त्याने ते आपल्या मेहनतान्यात वेगळे लावावेत. शुल्काच्या ओळीत पावतीवरचा आकडाच यावा, पावती ओळीला जोडलेली असावी आणि ती नसेल तर प्रोग्रामने विचारावे. पैसे भरताना बँकेने कापलेले व्यवहारशुल्क त्या आकड्यात मिसळू नये. ते सरकारने आकारलेले नसते आणि अशिलाशी तसे आधी ठरले नसेल तर ते माझेच असते. अर्ज वेळेत न केल्यामुळे लागलेले विलंबशुल्कही तसेच आहे. उशीर माझ्याकडून झाला असेल, तर पावती अशिलाच्या नावाची असली तरी तो भार मी त्याच्यावर टाकू शकत नाही.

याहून अधिक जागा मला त्या मधल्या खात्याच्या तपासणीसाठी घ्यावीशी वाटते, कारण चुका तिथेच सापडतात आणि आपला प्रोग्राम तिथे जवळजवळ काहीच मदत करत नाही. या खात्याची एकूण शिल्लक पाहून काही कळत नाही. समजा, एका अशिलाचे १८,००० भरले आणि बिल करताना ती ओळ चुकून दुसऱ्याच अशिलाच्या बिलात गेली. खात्यात १८,००० नावे आणि १८,००० जमा, एकूण शिल्लक शून्य, वरून सगळे आलबेल. प्रत्यक्षात पहिल्याकडून येणे राहिले आहे आणि दुसऱ्याकडून नको ते पैसे मागितले आहेत. म्हणून ही शिल्लक प्रत्येक अशिलाची, आणि शक्य असेल तर प्रत्येक अर्जाची, वेगळी दिसली पाहिजे. एखाद्या अर्जासमोर जुनी नावे शिल्लक असेल, तर शुल्क भरले पण बिलात लावायचे राहिले असा तिचा अर्थ. छोट्या कार्यालयांत पैसे बुडण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. जमा शिल्लक असेल, तर दोनच शक्यता उरतात: एक तर आगाऊ घेतलेले पैसे अजून भरायचे आहेत किंवा भरले त्यापेक्षा जास्त लावले गेले आहे. दर महिन्याला ही यादी किती दिवस जुनी त्या क्रमाने समोर आली, तर पंधरा मिनिटांत खाते तपासून होते.

आगाऊ पैशांचा विषय निघालाच आहे, तर तोही सांगतो. सावध सल्लागार शुल्क आधी मागून घेतो. असे आलेले १८,००० उत्पन्न नसतात, ते देणे असते, आणि जिथे व्यवसायाचे नियम सांगतात तिथे ते अशिलांच्या पैशांसाठी ठेवलेल्या वेगळ्या बँक खात्यातच राहिले पाहिजेत. ताळेबंद काढताना एका अशिलाचे येणे आणि दुसऱ्या अशिलाचे देणे एकमेकांतून वजा करून एकच आकडा दाखवणे चूक आहे. पहिले मालमत्तेच्या बाजूला आणि दुसरे देण्याच्या बाजूला, असे वेगळे दिसायला हवे. आपला प्रोग्राम खात्याची एकच निव्वळ शिल्लक दाखवतो आणि त्यातून लोकांचे किती पैसे आपल्याकडे पडून आहेत हे झाकले जाते.

अशिलाने बिल पूर्ण न भरता २०,०००च दिले तर काय, हा प्रश्न रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्याला लगेच भेडसावतो, कारण त्याचे उत्पन्न पैसे येतील तसे मोजले जाते. आपले प्रोग्राम बहुधा आलेली रक्कम सगळ्या ओळींवर प्रमाणात वाटतात. आमच्या करारपत्रात मात्र बहुतेक वेळा लिहिलेले असते की आलेले पैसे आधी भरलेल्या शुल्कापोटी आणि मग मेहनतान्यापोटी जमा होतील. तसे असेल तर १८,००० शुल्काचे फिटले आणि उरलेले २,००० कर व मेहनतान्याकडे गेले. हा क्रम वापरणाऱ्याला ठरवता यावा. आणि एखादा अशील काहीच न देता नाहीसा झाला, तर ते १८,००० मेहनतान्याच्या बुडीत येण्यात मिसळू नयेत. तोटा खराच आहे आणि तो नफातोटा पत्रकात जाईल, परंतु काही करकायद्यांत बुडीत येणे वजा करण्यासाठी ती रक्कम आधी उत्पन्नात धरलेली असावी लागते. ही रक्कम तशी कधीच धरलेली नसल्यामुळे तिचा विचार वेगळ्या कलमाखाली करावा लागतो. दोन्ही तोटे एकाच खात्यात टाकले, तर करसल्लागाराला ते पुन्हा वेगळे काढत बसावे लागते.

शेवटची मागणी परताव्याची. सरकारी संकेतस्थळावर पैसे भरताना व्यवहार अडकतो, पुन्हा भरावे लागते आणि एका वर्गाचे ९,००० दोनदा जातात, हे आमच्याकडे घडते. जादा गेलेले पैसे बऱ्याच काळाने, ज्या खात्यातून गेले त्याच म्हणजे माझ्या बँक खात्यात परत येतात. त्या वेळी आपला प्रोग्राम बँकेची नोंद वाचून, कोणाकडून आले ते न ओळखता, ‘इतर उत्पन्न’ सुचवतो आणि घाईत असलेला माणूस ‘होय’ दाबतो. दुसऱ्यांदा गेलेले ९,००० भरतानाच त्या अर्जाच्या नावाने मधल्या खात्यात पडलेले असतील आणि बिलात लावलेले नसतील, तर परतावा त्याच खात्यात जमा करून शिल्लक शून्य होते आणि विषय संपतो. चुकून दोन्ही वेळचे पैसे बिलात लावले गेले असतील, तर परतावा जमा केल्यावर त्या अर्जासमोर ९,००० ची जमा शिल्लक उभी राहते. ते अशिलाचे देणे आहे आणि ते त्याला परत करायचे आहेत. ते परत करताना निघणारी जमा चिठ्ठी माझ्या मेहनतान्यातून वजा होऊ नये, तर त्याच शुल्काच्या खात्याला नावे पडावी, एवढी सोय आपण द्यावी.

आपला,
नोंदणीची कामे करणारा एक सल्लागार